आवाज का झाला ते लिहा

मी खोटं बोललो होतो. ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना स्वतःला सांभाळून घ्यायची सोय मला राहणार नाही. भिवंडीजवळ दापोड्याच्या एका गोदामात मालकानं मला विचारलं होतं, "चूक तुझ्या प्रोग्रामची का पोरीची?" आणि मी म्हणालो होतो, "प्रोग्राम बरोबर आहे. तिनं लक्ष दिलं नाही." ती पोरगी तेव्हा समोरच उभी होती. तिला ऐकू येत नव्हतं, पण ओठ वाचता येत होते, आणि माझं तोंड तिच्याच बाजूला होतं.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. भिवंडीच्या आसपास भाताची खाचरं भरून तिथं पत्र्याच्या शेड उभ्या राहायला लागल्या होत्या. मुंबईतून माल यायचा, या शेडमध्ये उतरायचा आणि गावोगावच्या गाड्यांत चढायचा. मी कल्याणला कंप्युटरचा कोर्स केला होता. कुठल्या मोठ्या कंपनीनं मला घेतलं नाही, म्हणून मी या गोदामांच्या दारात जाऊन प्रोग्राम विकायला लागलो. शेठ लोक मला "कंप्युटर मास्तर" म्हणायचे. त्यात थोडी चेष्टा असायची, पण मला ते आवडायचं.

हे गोदाम अंजूरच्या एका शेतकऱ्याचं होतं. स्वतःच्या जमिनीवर त्यानं शेड बांधली आणि पुढे स्वतःच ट्रान्सपोर्टचा धंदा सुरू केला. सगळे त्याला शेठ म्हणायचे, पण बोलणं शेतावरचंच राहिलं होतं. ऑफिस म्हणजे गोदामाच्या कोपऱ्यात प्लायवूड लावून केलेली खोली. त्यात शेठचं टेबल, फोन, एक कंप्युटर, एक कर्कश प्रिंटर आणि चाचा. चाचांनी तीस वर्षं भिवंडीत लूम चालवली होती. गुडघे गेल्यावर त्यांनी लूम सोडली आणि इथं येऊन माल उतरताना चिठ्ठ्या लिहायचं काम धरलं. अक्षर सुरेख होतं. मराठी, हिंदी आणि उर्दू ते एकाच वाक्यात बोलायचे.

आणि कंप्युटरवर ती. दिघाशी गावातली. वय बावीस-तेवीस. आठव्या वर्षी ताप डोक्यात गेला आणि ऐकणं गेलं. त्याआधी बोलायला शिकली होती म्हणून बोलायची, जरा सपाट, जरा मोठ्यानं. दहावी झाली होती आणि भिवंडीत टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. टाइपरायटरची ओळ संपत आली की घंटी वाजते. ती हिला कशी कळायची, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "घंटी कशाला? पट्टीवरचा आकडा बघायची मी. बाकीच्या पोरी घंटी ऐकून पण पुढं जायच्या."

तिच्या घरात पगारावर जाणारी ती पहिली बाई. तिचे वडील एकदा तिला सोडायला आले होते, तेव्हा शेठना म्हणाले, "हिला कंप्युटरवर बसवलात, हे गावात कोनाला खरं वाटत न्हाय." त्या खुर्चीची किंमत काय होती, ते मला त्या दिवशी कळायला हरकत नव्हती.

आता माझा प्रोग्राम. मालाच्या प्रत्येक चिठ्ठीची एक ओळ भरायची. बिल्टीचा म्हणजे मालाच्या पावतीचा नंबर, नग किती, कोणत्या गावाला जायचा त्याचा दोन आकडी कोड, आणि गोदामातल्या कोणत्या खणात ठेवला त्या खणाचा दोन आकडी नंबर. दोन आकडे पडले की कर्सर आपोआप पुढच्या जागी जायचा, शेवटी एन्टर. मला एका गोष्टीचा फार अभिमान होता. माझ्या स्क्रीनवर कसलाही कचरा नव्हता. चूक झाली की प्रोग्राम बोलायचा. तीच बिल्टी दुसऱ्यांदा आली तर दोन तुटक आवाज. गावाचा कोड चुकला तर एक लांब आवाज. ओळ नीट जमा झाली तर एक बारीक टिक. गिऱ्हाइकांना मी सांगायचो, "डोळे चिठ्ठीवर, बोटं आकड्यांवर, कान मशिनकडे. मान वर करायचीच गरज नाही." इतर तीन गोदामांत माणसं तशीच काम करत होती आणि खूश होती.

इथं दाखवायला गेलो तेव्हा तिनं दोन-चार ओळी भरल्या, मी मुद्दाम चुकीचा कोड सांगितला, आवाज झाला आणि ती पुढे भरतच राहिली. चाचा म्हणाले, "मास्तर, उसको सुनाई नहीं देता. तुमको बताया नहीं किसीने?"

मला कोणीच सांगितलं नव्हतं, हे खरं. पण त्या क्षणी तर कळलं होतं. आणि मी काय केलं? आवाज मोठा केला.

आजही हे लिहिताना लाज वाटते. बहिऱ्या माणसासाठी मी आवाज मोठा केला. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून एक छोटा अँप्लिफायर घेतला, कंप्युटरच्या आतल्या स्पीकरच्या वायरी त्याला जोडल्या आणि सहा इंची स्पीकर लाकडी पेटीत बसवून टेबलावर ठेवला. चुकीचा कोड टाकल्यावर अशी किंकाळी निघाली की बाहेर हमालानं गोणी खाली टाकली. तिला तरीही काही कळलं नाही. पण माझे हातवारे बघून तिनं डावा तळहात पेटीवर ठेवला आणि मला पुन्हा वाजवायला सांगितलं.

"बारीक हाय," ती म्हणाली. "हाताला लागत न्हाय. जाडा करा."

मला आधी समजलं नाही. मग लक्षात आलं, तिला खालचा सूर हवा होता. आवाजाचा आकडा दोन हजारांवरून दोनशेवर आणला. पेटी घुमायला लागली. तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "आला! आला!" ती ओरडली. दोन तुटक आणि एक लांब, यातला फरक तिनं डोळे मिटून तीन-चारदा बरोबर सांगितला.

शेजारून चाचा म्हणाले, "आज मशीन अच्छी बोल रही है." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

दीड महिना हे नीट चाललं. डावा हात पेटीवर, उजवा आकड्यांवर, चिठ्ठ्यांवर एक वजन ठेवलेलं. जरा हळू, पण चूक नाही. एकदा शेठ मला म्हणाले, "ती एका हातानं काम करते रे. दुसरा हात देवाला लावल्यासारखा पेटीवर." मी हसलो. ती तसं का करते, ते मला एकट्यालाच नीट सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझी सोय किती तोकडी आहे, तेही सांगावं लागलं असतं.

मग शेठना त्या घुमण्याचा त्रास व्हायला लागला. फोनवर मुंबईची पार्टी असायची आणि मध्येच भोंगा. "मास्तर, ही म्हैस बंद कर आधी," ते म्हणाले. मी त्याच दिवशी पेटी काढून घेतली आणि आवाज पूर्वीसारखा बारीक करून टाकला. ती तेव्हा जेवायला गेली होती. परत आली, टेबलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी पिशवी उचलून निघालो होतो. दारातून जाता जाता म्हणालो, "आता स्क्रीन बघत जा."

स्क्रीनवर बघण्यासारखं काहीच नव्हतं. हे मला माहीत होतं, कारण ती स्क्रीन मीच केली होती.

पुढे जे झालं ते नीट सांगायला हवं, कारण दोष कुठं होता हे त्यातच आहे. औषधांची नऊ खोकी आली, जळगावला जायची. जळगावचा कोड तेवीस. तिच्या बोटानं त्र्याऐंशी पडलं. त्र्याऐंशी कोडचं गावच नाही, म्हणून प्रोग्रामनं आवाज केला, कोड पुसला आणि कर्सर त्याच जागी ठेवला. तिची नजर चिठ्ठीवर होती. तिनं पुढचा आकडा टाकला, खण नंबर बारा. पण कर्सर अजून गावाच्या जागी होता आणि बारा म्हणजे सोलापूर. प्रोग्रामनं सोलापूर घेतलं. मग तिनं एन्टर मारला. खणाची जागा रिकामी राहिली. ती रिकामी चालायची, कारण काही माल खणात न ठेवता त्याच दिवशीच्या गाडीत चढवायचा असतो आणि त्यासाठी मीच ती मोकळीक ठेवली होती. संध्याकाळी प्रिंटरनं यादी काढली, हमालांनी बिल्टीचा नंबर बघून खोकी उचलली आणि जळगावची औषधं रात्रीच्या गाडीनं सोलापूरला गेली.

एक आकडा चुकणं ही तिची चूक. असे आकडे सगळ्यांचे चुकतात. म्हणूनच तर आवाज ठेवला होता. पुढचं सगळं माझं.

तीन दिवसांनी जळगावच्या औषधवाल्याचा फोन आला. शेठ संतापले. मला बोलावून घेतलं. आणि मग तो प्रश्न आणि ते उत्तर. त्या रांगेत आणखी दोन गोदामांशी माझं बोलणं चाललं होतं. प्रोग्राममुळे माल चुकला अशी बातमी पसरली असती तर ती दोन्ही कामं गेली असती. एवढाच विचार डोक्यात होता. तिच्या खुर्चीचा नव्हता.

शेठ तिला म्हणाले, "उद्यापासनं तू मागं लेबलं लाव. इथं न्हाय जमायचं."

तिनं पेन टेबलावर ठेवलं, मग परत उचललं, कारण ते तिचं स्वतःचं होतं.

दहा-बारा दिवस गेले. कंप्युटरवर चाचा बसायला लागले, दोन बोटांनी. मग एका सकाळी शेजारच्या गोदामातून चाचांचा मला निरोप आला, की मास्तरला पाठवा, पण शेठला कळू देऊ नका. मी गेलो. शेठ बाहेर गेले होते. चाचांनी छापलेली यादी आणि चिठ्ठी पुढे ठेवली.

"ये देखो. नासिकचा माल नागपूरला दाखवतो. मैं हर चिठ्ठी दोबारा मिलाता हूँ, इसलिए पकडा गया."

मी बघितलं. तीच गोष्ट. कोड चुकला, पुसला गेला, खणाचा नंबर गावाच्या जागी गेला.

"चाचा, पण आवाज आला असेल ना?"

"कौनसा आवाज?"

"हा." मी चुकीचा कोड टाकला. बारीक, टोकदार आवाज झाला. चाचा माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"बजा क्या?" त्यांनी विचारलं.

मी खुर्चीवर बसलो. चाचा हळूच हसले. "तीस साल लूम के बीच में खडा था बेटा. चिडिया का आवाज, घडी का आवाज, ये सब कब का गया. मोठा, जाडा आवाज येतो. तुझी ती पेटी होती ना, वो सुनाई देती थी. मैंने कहा भी था तुमको."

"मग तुम्ही शेठना सांगितलं का नाही? त्या दिवशी?"

"क्या बोलता? की मी पण बहरा? मग मी कुठं जाऊ, लेबलं लावायला?" मग यादीची घडी करत म्हणाले, "मैं चुप रहा. तू झूठ बोला. दोनों का हिसाब वो लडकी भर रही है."

भिवंडीत राहून मला हे सुचलं नव्हतं. ज्या गावात लूमनं कान गेलेल्या अर्ध्या बापांशी ओरडून बोलावं लागतं, त्या गावात मी कानांवर चालणारा प्रोग्राम विकत होतो.

मी प्रोग्राम दुरुस्त करायला घेतला. शुक्रवारी दुपारी चाचा नमाजला जायचे, शेठ अंजूरला घरी जेवायला. तेवढा वेळ कंप्युटर मला मिळायचा. पहिल्या शुक्रवारी मी स्क्रीनच्या सगळ्यात खालच्या ओळीत आवाजाबरोबर शब्द यायची सोय केली. देवनागरी दाखवायला वेगळं कार्ड लागायचं, ते आमच्याकडे नव्हतं, म्हणून इंग्रजी अक्षरांतच लिहिलं, 'चुकीचा आवाज'. दोन सेकंद दिसून जायचं. मला वाटलं, झालं काम. मागे जाऊन तिला बोलावलं.

ती लेबलं लावत होती. मी हातानंच खुणावलं, ये. ती आली, खुर्चीत बसली, पण अशी कडेवर, जणू लगेच उठायचं आहे. मी दहा चिठ्ठ्या दिल्या आणि त्यातल्या दोहोंत मुद्दाम खोटे कोड लिहिले. ती भराभर भरत गेली. दोन्ही वेळा खाली ओळ आली आणि गेली. तिनं एकदाही वर बघितलं नाही.

"आलं होतं," मी म्हणालो. "खाली आलं होतं."

"कधी?"

मी परत दाखवलं. तिनं बघितलं आणि हसू आवरलं नाही. "माझी नजर कागदावर. तुमची ओळ खाली. आणि बघायला मान वर केली तर गेलेली. पाहुना आला, कडी वाजवली आणि पळाला, असं झालं ना हे."

"मग काय करू?"

तिनं थोडा विचार केला. चिठ्ठी हातात धरून, नजर तिच्यावरच ठेवून, दुसऱ्या हाताची बोटं डोळ्याच्या कडेला हलवली. "हे मला दिसतं. कडंनं काय हललं तर दिसतं. सगळी स्क्रीन बदला. आणि मी बघेपर्यंत थांबा."

त्यातली एकेक गोष्ट मी त्या आणि पुढच्या दोन शुक्रवारी करत गेलो. चूक झाली की सगळी काळी स्क्रीन पांढरी व्हायची आणि अक्षरं काळी. आधी मी ती लुकलुकत ठेवली होती, सेकंदाला बऱ्याच वेळा. तिनं डोळ्यांवर हात घेतला. "डोकं दुखलं. एकदाच बदला. बदलून राहू द्या." तसं केलं. मग संदेश खालून काढून ती जिथं भरत होती त्याच ओळीखाली चौकटीत आणला. तो आपोआप जायचा नाही. स्पेसबार दाबला तरच जायचा. तोपर्यंत आकडे टाकले तरी प्रोग्राम घ्यायचा नाही. ती इतकी भराभर टाइप करायची की संदेश येईपर्यंत पुढचे दोन-तीन आकडे कीबोर्डच्या पोटात जमा झालेले असायचे आणि चौकट गेली की ते भसकन आत शिरायचे. चूक पकडल्याबरोबर ते आधी रिकामे करायचे, हेही तिच्यामुळेच सापडलं.

सगळं झाल्यावर तिनं चौकटीतल्या शब्दांवर बोट ठेवलं.

"हे काय लिवलंय? चुकीचा आवाज."

"म्हणजे आवाज झाला."

"आवाज झाला ते वाचून मी काय करू? तो तुमच्यासाठी झाला. का झाला ते लिहा."

मी आवाजाचं नाव लिहिलं होतं, आवाजाचं सांगणं लिहिलंच नव्हतं. ज्यांना ऐकू येतं त्यांनाही लांब म्हणजे काय, तुटक म्हणजे काय, हे मी तोंडानं शिकवलं होतं. तेच शब्दांत न उतरवता तिच्यापुढे ठेवत होतो. मी बदललं. 'गावाचा कोड ८३ नाही. पुन्हा टाका.' 'ही बिल्टी आधी भरली आहे. खण १२.' आणि ओळ जमा झाल्यावरच्या टिकीसाठी ओळीच्या टोकाला एक चांदणी. तिनं वाचलं, एकदा मोठ्यानं, मग मान हलवली. "आता हे कोनी पण वाचेल," ती म्हणाली.

चाचा नमाजहून परत आले होते. ते मागून वाकून बघत होते. त्यांनी खिशातून चष्मा काढला, चौकट वाचली, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग मला म्हणाले, "इसको आवाज के बिना भी चला सकते क्या? मतलब, मी बसलो तरी?"

"चालेल चाचा."

त्या दुपारी तिनं आणखी एक काम सांगितलं. फाटकावर गाडी आली की वॉचमन बेल दाबायचा, आणि ती मागे असली की तिला कधीच कळायचं नाही. सगळे उठून जायचे आणि ती एकटीच बसलेली राहायची. बेलच्याच वायरींना समांतर एक बल्ब जोडून मागच्या भिंतीवर लावला. बेल दाबली की बल्ब पेटायचा. अर्ध्या तासाचं काम. ती इथं आल्यापासून ते कोणी केलं नव्हतं.

बल्ब लावून मी स्टुलावरून उतरत होतो तेव्हा तिनं विचारलं, "सर, मी परत बसनार का तिकडं?"

मी म्हणालो, "बघू."

माफी मागायची ती वेळ होती. तिथं कोणी नव्हतं. ती समोर होती. मी वायरीचे तुकडे गोळा करत बसलो. तीन शुक्रवार ती माझी चूक माझ्याबरोबर बसून निस्तरत होती, मी तिच्याविरुद्ध काय बोललो ते तिनं स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं होतं, आणि तरी तिनं त्याचा एकदाही उल्लेख केला नव्हता. मला तो तिचा मोठेपणा वाटायचा. आता वाटतं, तिला तो विषय काढायची सोयच नव्हती. लेबलांच्या ढिगाशी बसलेल्या माणसानं मास्तरला जाब कसा विचारायचा?

सोमवारी मी शेठकडे गेलो. म्हणालो, "प्रोग्राम सुधारला आहे. आता तिला परत बसवा. चूक होणार नाही."

शेठनी चहा बशीत ओतला. "नको रे. चाचा करतात. हळू करतात, पन करतात. एकदा झालं तेवढं पुरे."

"तसं परत होणार नाही शेठ. आता स्क्रीनवर दिसतं."

"काय दिसतं?"

"चूक झाली की दिसतं."

"मग आधी दिसत नव्हतं?"

मी कंप्युटरकडे बघितलं.

शेठ माणूस शिकलेला नव्हता, पण जमिनीचे व्यवहार करून हुशार झाला होता. त्यांनी बशी खाली ठेवली. "मास्तर, तू बोल्लास, प्रोग्राम बरोबर हाय. मी इथंच बसलो होतो. बरोबर होता तर सुधारलास काय?"

चाचा कोपऱ्यात चिठ्ठ्या लावत होते. त्यांचे हात थांबले. त्यांना ऐकू गेलं होतं की नाही कोण जाणे, पण शेठचा चेहरा त्यांनी वाचला असावा. ते माझ्याकडे बघत होते, रागानं नाही, नुसतं वाट बघितल्यासारखं.

"बरोबर नव्हता," मी म्हणालो.

"काय?"

"प्रोग्राम बरोबर नव्हता शेठ. तो नुसता आवाज करायचा. तिला ऐकू येत नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पेटीवर हात ठेवून तिला कळायचं, ती पेटी मीच काढून नेली. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी तिच्यावर ढकललं."

खोलीत प्रिंटर तेवढा करकरत होता. शेठनी बशी लांब सारली. मग म्हणाले, "औषधवाल्याच्या मी पाया पडलो रे. आन ती पोर तिकडं गोंद लावते." त्यांच्या तोंडून शिवी येईल असं मला वाटलं होतं. ती आली असती तर बरं झालं असतं.

"मेरे को भी सुनाई नहीं देता शेठ," चाचा एकदम म्हणाले. "वो बारीकवाला. मी पण चुकलो होतो. पकडलं म्हणून वाचलं."

शेठ त्यांच्याकडे वळले. "तुम्ही पन?" आणि मग ते हसले, कपाळावर हात मारून. "च्यायला, सगळं ऑफिस बहिरं, आन मास्तर पिपाणी वाजवतोय!" चाचाही हसले. मला हसू आलं नाही.

शेठनी दारात जाऊन वॉचमनला बेल दाबायला सांगितली. मागे बल्ब पेटला असणार, कारण ती लगेच आली, हाताला गोंद, कपाळावर एक लेबल चिकटलेलं. गाडी आली असं समजून तिनं फाटकाकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"मास्तरला तुला काय सांगाचं हाय. मग तू खुर्चीवर बस तुझ्या," शेठ तिला म्हणाले, तोंड तिच्याकडे नीट करून. तेवढं ते शिकले होते. मी शिकलो नव्हतो.

मी टेबलाकडे बघत भराभर बोललो. काय बोललो ते मलाच नीट आठवत नाही.

"दिसलं न्हाय," ती म्हणाली. "मान वर करा."

मी मान वर केली. बोललो, "माझी चूक झाली."

ती माझ्या ओठांकडे बघत होती. भुवया जरा आखडल्या. "मिशीत गेलं. कोनची चूक?"

मी मिशीवरून हात फिरवून ती बाजूला सारली, एक पाऊल पुढे गेलो, खिडकीचा उजेड तोंडावर येईल असा उभा राहिलो. आणि एकेक शब्द सुटा करून, न ओरडता, तिला वाचता येईल इतक्या सावकाश म्हणालो, "प्रोग्राम चुकीचा होता. मला माहीत होतं. तुझी पेटी मी नेली. शेठनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. तू लक्ष दिलं नाहीस असं म्हणालो, ते खोटं होतं. तू लक्ष देत होतीस. मला माफ कर."